कॉफी थेंब-थेंब पडते आणि कडू लागते: पंप बदलण्याआधी पाणी मोजा

प्रश्न: "घरी दोन वर्षं जुनी एस्प्रेसो मशीन आहे, खोक्यावर १५ बार लिहिलेली. दोन महिन्यांपासून कॉफी थेंब-थेंब पडते, कप भरायला मिनिटभर लागतो आणि चव जळकट कडू. वाघोलीत राहतो. सोसायटीला टँकरचं पाणी येतं, पण मशीनमध्ये आरओचंच घालतो. आतले क्षार काढायला व्हिनेगरने दोनदा डीस्केल केलं. फरक नाही, उलट दुसऱ्या वेळेनंतर जास्तच हळू झाली. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, साडेतीन हजार लागतील. बदलू का?"

एवढ्यात बदलू नका. पंप ठीकच आहे असं मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात पंपाविरुद्ध एकही पुरावा नाही. उलट दोन गोष्टी दुसरीकडेच बोट दाखवतात. एक, मशीनमध्ये आरओचं पाणी आहे, म्हणजे क्षार साठायचा वेग कमी. दोन, डीस्केल केल्यावर मशीन आणखी हळू झाली. पंप थकला असता तर डीस्केलिंगने त्याचं काही बरंवाईट झालं नसतं. सुटलेला कचरा पुढच्या बारीक भोकात जाऊन बसला तर मात्र नेमकं असंच होतं.

मी पुण्यात कॅफेंच्या आणि घरगुती मशीन दुरुस्त करतो. घरगुती मशीनची तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते, आणि येणाऱ्याने आधी एक-दोनदा डीस्केल केलेलं असतं. खरं तर पेठांत, कोथरूडला, म्हणजे जिथे खडकवासल्याचं पाणी नळाला येतं तिथे, पाणी बरंच मऊ असतं आणि क्षारांनी तुंबलेली मशीन क्वचित दिसते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी थेट मशीनमध्ये जातं तिथली गोष्ट वेगळी. वाघोली, उंड्री, पिसोळी या भागांतल्या घरांत गीझरच्या कॉइलवर आणि इलेक्ट्रिक किटलीच्या तळाशी पांढरा थर दिसतो, तोच मशीनच्या आतही बसतो. तुम्ही आरओ वापरता म्हणून मधल्या गटात मोडता. फक्त तुमच्या आरओला टीडीएस कंट्रोलर आहे का ते बघा. त्या छोट्या स्क्रूने पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळलं जातं. टँकरच्या जड पाण्यावर तो जास्त उघडा असेल, तर आरओच्या नावाखाली बऱ्यापैकी क्षार मशीनमध्ये जात असतात.

आता अडथळा कुठे आहे ते शोधू. पाण्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणा: टाकी, टाकीच्या तळाची जाळी, पंप, पाणी तापवणारा थर्मोब्लॉक, मग वरचं ग्रुप हेड, त्याखालची शॉवरसारखी भोकांची जाळी, मग हँडलमध्ये बसणाऱ्या बास्केटमधली कॉफी, आणि शेवटी त्या बास्केटच्या तळाची भोकं. यात कुठेही तुंबलं तरी कपात दिसतं एकच, थेंब-थेंब. त्यामुळे कप बघून निदान होत नाही. एकेक भाग काढून पाणी मोजलं की होतं. त्यासाठी मापाचा पेला आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

आधी टाकी उचलून तळाची जाळी धुवा आणि टाकी नीट दाबून बसवा. टाकी अर्धवट बसली की पंप हवा ओढतो, मोठ्याने खडखडतो आणि पाणी तुटक येतं. हे फार साधं वाटेल, पण नुसत्या एवढ्यावर परत पाठवलेल्या मशीन आहेत.

पहिली मोजणी हँडल न लावता. मशीन तापू द्या, ग्रुपखाली पेला धरा आणि ३० सेकंद पाणी सोडा. घरगुती मशीनमधला कंपन करणारा छोटा पंप आणि मोकळा रस्ता असेल, तर माझ्या पाहण्यात साधारण १५० ते २५० मिली पाणी येतं. मॉडेलप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून आकड्याला चिकटून बसू नका. पण १०० च्या बरंच खाली आलं तर कॉफीचा किंवा बास्केटचा दोष नाही, अडथळा मशीनच्या आत आहे. लगेच दुसरा पेला घ्या आणि वाफेच्या नळीतून तेवढाच वेळ गरम पाणी काढा. नळीच्या टोकाचं नोझल आधी काढून टाका, त्यात दूध सुकलेलं असतं. बहुतेक घरगुती मशीनमध्ये पंप आणि थर्मोब्लॉक दोन्ही वाटांना सामाईक असतात आणि पाणी त्यांच्यानंतर फुटतं. म्हणून नळीतून भरपूर आणि ग्रुपमधून कमी येत असेल, तर अडथळा पंपातही नाही आणि थर्मोब्लॉकमध्येही नाही. तुंबलंय ते ग्रुपच्या जाळीत. दोन्हीकडून कमी येत असेल तर मात्र क्षार किंवा पंप यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे.

दुसरी मोजणी रिकामं हँडल लावून, कॉफी न घालता. इथे तुमची बास्केट कोणती ते कळायला हवं. उलटी करून तळ बघा. तळाला शेकडो बारीक भोकं दिसली तर ती एकपदरी. आत शेकडो भोकं आणि बाहेरून मात्र मधोमध एकच सुईच्या टोकाएवढं भोक असेल, तर ती दुपदरी. घरगुती मशीनसोबत बहुधा दुपदरीच येते, कारण दुकानात दळलेल्या पुडीवरही ते एकटं भोक दाब तयार करून देतं आणि वर फेस येतो. सोय आहे, पण तुंबण्याची हमखास जागाही तीच. दोन तळांच्या मधल्या फटीत पुडीची माती आणि कॉफीचं तेल साचतं आणि घट्ट होतं. पाणी मोजताना एकपदरी बास्केटमधून रिकामं पाणी जवळपास पहिल्याइतकंच यायला हवं. दुपदरीतून कमी येईल, पण एकसंध बारीक धार हवी. कॉफी नसतानाही थेंबच पडत असतील, तर तुमचा आजार सापडला.

या दोन्ही मोजण्या चांगल्या निघाल्या आणि कॉफी घातल्यावरच थेंब पडू लागले, तर मशीनला लगेच दोष देऊ नका. बहुधा पूड फार बारीक असते, जास्त भरली जाते, किंवा दाबली फार जाते. दुपदरी बास्केटमध्ये पूड जोर लावून दाबायची गरजच नसते, नुसती सपाट करून बसवली की झालं.

उंड्रीच्या एका घरातली मशीन आली होती, तुमच्याच तक्रारीची. तिथे पाणी थेट टँकरचं होतं, म्हणून मलाही आधी क्षारच वाटले. पण हँडलशिवाय ग्रुपमधून ३० सेकंदांत ७० मिली आलं आणि नळीतून २०० मिली. म्हणजे पंप पाणी नीट ढकलत होता. ग्रुपखालच्या जाळीचा मधला स्क्रू काढला. जाळीच्या वरच्या अंगाला, जी बाजू कधीच दिसत नाही, तिथे काळपट तेलकट पुडीचा थर होता आणि त्यात पांढऱ्या खपल्या रुतलेल्या. त्यांनीही डीस्केल केलं होतं, आणि तेही हँडल लावून. सुटलेल्या खपल्या जाळीत अडकल्या, बाकीच्या बास्केटच्या भोकापर्यंत पोचल्या. जाळी साफ केल्यावर ग्रुपमधून १९० मिली येऊ लागलं. तरी रिकाम्या दुपदरी बास्केटमधून थेंबच. तीही सोडवली, धार सुरू झाली. मग त्यांच्याकडची पूड घातली, आणि पुन्हा थेंब!

डबा बघितला तर ती फिल्टर कॉफीची पूड, चिकोरी ३० टक्के. ही आपल्याकडची खास अडचण आहे, परदेशी व्हिडिओंत ती सापडणार नाही. चिकोरी पाण्यात भरभर विरघळते, ओली झाली की चिकट होते आणि गरम पाण्याच्या दाबाखाली बास्केटचा तळ लिंपून टाकते. शिवाय तिचा स्वतःचा कडवटपणा असतो, जो दुधात छान लागतो पण एस्प्रेसोत जळकट वाटतो. बिनचिकोरीची, एस्प्रेसोसाठी दळलेली पूड घातल्यावर मशीन पहिल्यासारखी चालली. त्या घरातल्या काकांना मात्र जुन्या पुडीचीच चव हवी होती. त्यांना म्हटलं, ती पूड पितळी फिल्टरमध्येच घाला, तिचं घर तेच आहे. तुमच्याही पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असेल, ते आधी वाचा.

आता कडूपणाचं. तो दोन वाटांनी येतो, आणि उपाय वेगळे असल्यामुळे त्यांची गल्लत करू नये. पहिली वाट म्हणजे मंदपणाच. एकपदरी बास्केटमध्ये १६ ते १८ ग्रॅम पुडीतून ३२ ते ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरते, असा साधारण हिशेब असतो. तेच मिनिटभर चाललं, तर आधी चांगलं ते उतरून जातं आणि मग पाणी पुडीतला उरलेला तुरट-कडू भाग काढत बसतं. अडथळा निघाला की हा कडूपणा आपोआप जातो. दुसरी वाट म्हणजे जुनं तेल. कॉफीतलं तेल जाळीवर, बास्केटमध्ये आणि हँडलच्या तोंडाशी साचतं, रोज तापतं आणि खवट होतं. हा कडूपणा धार सुरळीत झाली तरी राहतो. तो ओळखायला कॉफी न घालता रिकाम्या हँडलमधून पांढऱ्या कपात गरम पाणी काढा, वास घ्या, एक घोट प्या. पाणी पिवळट असेल, राखेसारखा किंवा शिळा वास येत असेल, तर दोष कॉफीच्या बियांमध्ये शोधू नका.

व्हिनेगरने हे तेल कधीच निघणार नव्हतं. क्षार आम्लात विरघळतात, तेल अल्कलीत सुटतं. डीस्केलिंगने तेल जात नाही आणि कॉफी मशीनच्या क्लिनिंग पावडरीने क्षार जात नाहीत. बहुतेक लोक पहिलं काम महिन्या-महिन्याला करतात आणि दुसरं कधीच करत नाहीत. पुण्याच्या नळाच्या पाण्यावर माझ्या मते याच्या उलट करायला हवं.

तर सफाई. मशीन बंद करून प्लग काढा आणि गार होऊ द्या. शॉवरच्या जाळीचा स्क्रू काढा. काही मॉडेलमध्ये तो षटकोनी चावीचा असतो. फार घट्ट असेल तर झटापट नको, डोकं झिजलं की काम वाढतं. अर्धा लिटर कढत पाण्यात चमचाभर क्लिनिंग पावडर घाला. डब्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं बघून घ्या. हातमोजे घाला आणि त्या पाण्यात जाळी आणि बास्केट २०-३० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी चहासारखं तपकिरी होईल. हँडल मात्र त्यात टाकू नका. स्वस्त मशीनची हँडलं आतून अॅल्युमिनियमची असतात, वर नुसता चकचकीत मुलामा असतो, आणि अॅल्युमिनियम या द्रावणात काळं पडतं. हँडल साध्या भांड्याच्या साबणाने आणि ब्रशने घासा.

दुपदरी बास्केट भिजल्यावर नळाखाली उलटी धरा, म्हणजे पाणी बाहेरच्या भोकातून आत जाईल आणि माती ज्या वाटेने आली त्याच वाटेने निघेल. भोक तरीही मोकळं झालं नाही तर मशीनसोबत आलेली बारीक पिन वापरा. ती हरवली असेल तर बारीकात बारीक शिवणाची सुई हलक्या हाताने, नुसती टोकापुरती. टाचणी किंवा खिळा घालून भोक मोठं केलंत तर बास्केट संपली. मग दाब तयारच होणार नाही आणि पाणचट कॉफी भसाभस पडेल. तशी झालीच तर बास्केट बदला, ती पंपापेक्षा खूप स्वस्त असते. जाळी निघालीच आहे, तर ग्रुपची वरची बाजू आणि रबरी गॅस्केटची खाच ओल्या ब्रशने घासून काढा. गॅस्केट कडक होऊन चिरलं असेल तर तेही बदलायची हीच वेळ.

एक इशारा, कारण व्हिडिओ बघून लोक हे करायला जातात. बिनभोकाची बास्केट लावून पावडरीचं पाणी उलट फिरवायची पद्धत फक्त त्याच मशीनसाठी आहे, ज्यात बटण बंद करताच दाब फुस्स करून खालच्या ट्रेमध्ये सुटतो. तुमच्या मशीनमध्ये तसं होत नसेल, तर दाब हँडलमध्येच अडकून राहतो आणि हँडल काढताना कढत पाणी अंगावर उडतं. थेंब-थेंब पडणाऱ्या मशीनमध्ये कॉफी घातलेली असतानाही हाच धोका असतो. मिनिट-दोन मिनिटं थांबा, मग हँडल हळूहळू फिरवा.

डीस्केलिंग तुम्हाला कधी करायचं? पहिल्या मोजणीत ग्रुप आणि नळी दोन्हीकडून पाणी कमी आलं तरच. करायचं झालं तर व्हिनेगर नको, त्याचा वास दिवसेंदिवस जात नाही. मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेलं द्रावण उत्तम. ते नसेल तर १ लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, ढोकळ्यासाठी किराणा दुकानात मिळतं तेच, वजनकाट्यावर मोजून. हँडल काढलेलं आणि शॉवरची जाळीही काढलेली, म्हणजे खपल्या सरळ पेल्यात पडतील. थोडं द्रावण ग्रुपमधून, थोडं नळीतून सोडा, १५ मिनिटं थांबा, पुन्हा थोडं सोडा. टाकी संपेपर्यंत असंच. पंप एका दमात मिनिटभराहून जास्त चालवू नका, हे छोटे पंप सतत चालण्यासाठी केलेले नसतात आणि तापून जळतात. द्रावण शक्यतो उकळतं नको. फार गरम झालं तर सायट्रिक अॅसिड आणि कॅल्शियम मिळून नवाच पांढरा गाळ धरतो आणि आपण काढायला गेलो तेच आत ठेवून येतो. पंप गार मशीनमध्येही चालत असेल तर मशीन तापायच्या आधीच द्रावण भरून घ्या. रात्रभर द्रावण ठेवायचा मोह टाळा, आतला थर्मोब्लॉक अॅल्युमिनियमचा असला तर तो खाल्ला जातो. बाहेर येणारं पाणी निळसर-हिरवट दिसलं, तर आम्ल तांबं-पितळ खायला लागलंय, तिथेच थांबा. शेवटी दोन टाक्या साधं पाणी पूर्ण फिरवा.

राहिला पंप. खोक्यावरचे १५ बार हा पंपाचा कमाल दाब आहे, म्हणजे पाणी अजिबात पुढे जात नसताना तो जेवढा जोर लावू शकतो तेवढा. कॉफीला लागतो साधारण ९ बार. या पंपांचा स्वभाव असा की समोरचा अडथळा वाढला की दाब वाढतो आणि पाणी कमी होतं. म्हणून धार मंद आहे याचा अर्थ दाब कमी आहे असा होत नाही, बहुधा उलटच असतो. मशीनवर दाबाचा काटा असेल तर बघा: काटा वर चढलेला आणि धार मंद, तर काट्याच्या पुढे काहीतरी तुंबलंय, जाळी, कॉफी किंवा बास्केट. काटा खाली आणि धारही मंद, तर काट्याच्या मागे, म्हणजे टाकी, पंप किंवा थर्मोब्लॉक. काटा नसेल तर कान द्या. तुंबलेल्या रस्त्यावर पंपाचा आवाज जड आणि दबलेला होतो. हवा ओढणारा किंवा थकलेला पंप मोकळा खडखडतो. आवाजावर पूर्ण भरवसा मात्र ठेवू नका, संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी हे पंप ढिले पडतात.

पंप खरंच थकल्याची एक खूण लक्षात ठेवा. हँडलशिवाय पाणी ठीक येतं, रिकाम्या बास्केटमधूनही ठीक, पण नेहमीपेक्षा जाडसर, बिनचिकोरीची पूड घातली तरी थेंबच पडतात, आणि मशीन तापत जाईल तसं आणखी वाईट होतं. अशा वेळी पंपाच्या आतली झडप किंवा स्प्रिंग गेलेली असू शकते. पंपाजवळचा दाब सोडणारा वॉल्व्ह उघडा अडकला तरी लक्षणं हीच, आणि तो साफ करण्यासारखा असतो. हे घरी उघडू नका, आत २३० व्होल्टची वायर आणि पाणी शेजारी शेजारी असतात.

म्हणून मेकॅनिकला एवढंच विचारा: दाब मोजून सांगितलं की आवाज ऐकून? हँडलच्या तोंडाला बसणारं गेज मिळतं, कॅफेच्या मशीन करणाऱ्यांकडे ते असतंच. रिकामी एकपदरी बास्केट आणि ते गेज लावून पंप चालवला की काही सेकंदांत आकडा समोर येतो. तुमच्यासमोर ९ च्या आसपास किंवा वर गेला, तर पंपाला हात लावू देऊ नका. चार-पाचवरच अडकला, तर आधी तो दाब सोडणारा वॉल्व्ह बघायला सांगा, आणि त्यानंतरही आकडा हलला नाही तरच नवा पंप. नवा बसवलाच तर जुना पंप मागून घ्या आणि त्याच गेजवर नवा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोजण्यांचे आकडे आले की इथे लिहा: ग्रुपमधून किती, नळीतून किती, रिकाम्या बास्केटमधून धार की थेंब, आणि पुडीच्या पाकिटावर चिकोरी किती.